मासवडी, नारळ आणि मामांची गाडी

माझ्या सासरच्या माणसांना गाडी बघायची म्हणजे गाडीत बसून फिरून यायचं, एवढंच ठाऊक. सगळ्यांनी कोंबून बसायचं, गाणी लावायची, एसी लावायचा, वाटेत कुणी ओळखीचं दिसलं की काच खाली करून हाक मारायची आणि परत येऊन म्हणायचं, "झ्याक हाय गाडी!" अरे, झ्याक कशावरून? सीट मऊ आहे म्हणून?

गाडी हवी होती मला. मी आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. मंचरला राहते आणि रोज घोडेगाववरून डिंभ्याच्या वर डोंगरात जाते. गेल्या पावसाळ्यात उतारावरच्या वळणावर माझी स्कूटर घसरली. मी रस्त्यावर पडले आणि स्कूटर कठड्याला अडकली. कठड्यापलीकडे खाली धरणाचं पाणी. कोपर खरचटलं, बाकी काही झालं नाही, पण त्या वळणावर आजही मी दोन्ही पाय जमिनीला घासत जाते. म्हणून जुनी का होईना, चार चाकांची गाडी घ्यायची ठरवली. त्या उतारावर रोज मी एकटी असणार. कधी कधी मागच्या सीटवर एखादी अवघडलेली बाई असणार. मला फक्त एवढंच हवं होतं, की गाडी थांब म्हटलं की थांबावी.

तर घरात जाहीर झालं की पारगावचे मामा त्यांची गाडी विकायला काढतायत. मामा म्हणजे आमच्या ह्यांचे सख्खे मामा. झालं! सासूबाईंनी त्याच दिवशी नारळ आणून ठेवला. मी म्हटलं, "आई, आधी बघू तरी." त्या म्हणाल्या, "माझ्या भावाची गाडी, तिला काय बघायचं?"

आमच्याकडे हीच खरी अडचण. परक्याकडून घ्यायची तर चाकाला लाथ मारून बघतील, हुज्जत घालतील. घरच्याची असली की बॉनेट उघडून बघणंसुद्धा अपमान. मी मात्र आधीच घोडेगावच्या मेकॅनिककडे जाऊन आले होते, स्कूटर त्याच्याकडेच असते माझी. तो म्हणाला, "ताई, अर्धा तास मागून घ्या. गाडी गार असताना चालू करा. काचा खाली, गाणी बंद, आणि गाडीत बोलणारं माणूस नको." शेवटची अट ऐकून मला हसू आलं. माझ्या सासरची माणसं बघितली नव्हती त्यानं.

रविवारी आम्ही पारगावला पोचलो. आम्ही म्हणजे मी, आमचे हे, सासूबाई, नणंद आणि नारळ. गाडी अंगणात उभी, धुऊन पुसून चकचकीत. मी सरळ जाऊन बॉनेटवर हात ठेवला. चटका बसला.

मामा कौतुकानं म्हणाले, "तुमी येणार म्हणून सकाळीच एक चक्कर मारून आणली. गरम करून ठिवलीया. बसा नि निघा!"

कपाळ माझं! गरम इंजिन कसंही चालू होतं. रात्रभर गार पडलेलं इंजिन पहिल्यांदा चालू करताना काय कुरकुर करतं, कसला धूर टाकतं, तेच तर बघायचं होतं. मामांच्या मनात लबाडी नव्हती, हे मला दिसत होतं. पाहुण्यांना गार गाडी कशी द्यायची, असा त्यांचा हिशोब. पण आता इंजिन गार व्हायची वाट बघायची कशी? "मामा, मी दोन-तीन तास थांबते" म्हटलं असतं तर सासूबाईंनी तिथंच डोळे वटारले असते.

मग मला सुचलं. मी मामींना म्हटलं, "मामी, तुमच्या हातची मासवडी खाऊन लई दिवस झाले."

मामी हरखल्याच. मासवडी म्हणजे काय घाईचं काम आहे का? खोबरं-तीळ भाजा, लसूण वाटा, बेसन शिजवा, थापा, सारण भरा, गुंडाळा, कापा, वर रस्सा करा. सासूबाई पदर खोचून चुलीशी बसल्या, नणंद खोबरं किसायला लागली. आमचे हे मला हळूच म्हणाले, "तुला मासवडी कधीपासून आवडायला लागली?" मी म्हटलं, "इंजिन गरम असल्यापासून."

जेवणं झाली, सुपारी झाली. मी पुन्हा बॉनेटवर हात ठेवला. चांगलं गार. मी ह्यांना गाडीच्या मागं उभं केलं. म्हटलं, "अहो, धुराकडे लक्ष द्या. निळा आला तर इंजिन ऑइल जळतंय, काळा आला तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरा येतच राहिला तर पाणी आत शिरतंय." किल्ली अर्धी फिरवली, समोरचे सगळे दिवे लागले. दिवा लागलाच नाही तर कुणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो, म्हणून तेही बघायचं. मग गाडी चालू केली. एका झटक्यात चालू, दिवे विझले. मी ओरडले, "धूर?"

"हॅलो... हां बोल ना!" हे फोनवर!

अहो, गार इंजिनाची पहिली सुरुवात एकदाच मिळते! तिच्यासाठी मी पोट फुटेस्तोवर मासवडी खाल्ली! शेवटी दारातून नणंद म्हणाली, "वहिनी, जराशी पांढरी वाफ आली नि गेली." देव भलं करो तिचं. तेवढी वाफ चालते.

मी ब्रेक एकदा दाबून बघितला. घट्ट लागला. आणखी थोडा वेळ तसाच दाबून धरायचा होता, पण तेवढ्यात दारं धडाधड उघडली आणि मंडळी आत. मामा माझ्या शेजारी, मागं हे, सासूबाई, नणंद. सासूबाईंच्या मांडीवर नारळ. बसल्या बसल्या मामांनी गाणं लावलं. मी बंद केलं. त्यांनी एसी लावला. मी बंद करून काचा खाली केल्या.

"उकडतंय की गं!" सासूबाई म्हणाल्या.

"आई, ऐकायचंय मला."

"काय ऐकायचंय? बोल की."

गावाबाहेर आलो. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत कारखान्याकडे चाललेले. एका खड्ड्यातून पुढचं चाक गेलं, खालून काहीतरी खडखडल्यासारखं वाटलं. पण नेमकं तेव्हाच सासूबाई भावाला कुणाच्या तरी साखरपुड्याची हकीकत सांगत होत्या आणि नणंद हसत होती. पुढच्या खड्ड्याला पुन्हा तेच. आता खडखड गाडीची की नारळाची, देव जाणे! नारळ मांडीवरून घरंगळून खाली गेला होता.

मी गाडी कडेला घेतली. "उतरा."

"कोण?"

"सगळे. मामा सोडून सगळे. नारळसुद्धा."

सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अगं, रस्त्यात उतरवतीस आम्हाला?" हे काहीतरी बोलणार होते, पण माझ्याकडे बघून गुमान उतरले. उसाच्या बांधाला तिघं उभी राहिली आणि मी निघाले. इतकं शांत वाटलं, काय सांगू!

आता गाडी बोलायला लागली. खड्ड्यात खडखड नव्हती, म्हणजे ती नारळाचीच होती. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरवली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. ॲक्सल गेलेला असला की टकटक वाजतो. इथं काही नाही. सरळ रस्त्यावर वेग वाढवला, चाकातून घूंऽऽ असा आवाज चढत गेला नाही, म्हणजे बेअरिंग ठीक. मागंपुढं कुणी नाही बघून, स्टिअरिंग हलकं धरून जोरात ब्रेक मारला. गाडी सरळ थांबली, कुठल्या बाजूला ओढली नाही. पुढं माळाचा चढ लागला. वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला. क्लच गेलेला असता तर इंजिन नुसतं ओरडलं असतं आणि वेग वाढला नसता. ही मुकाट्यानं चढली. गरमीचा काटाही जागेवर.

माझा राग विरघळायला लागला. मनात म्हटलं, घ्यावी.

मामा म्हणाले, "बघ, म्हणलं व्हतं का न्हाई? घरचीच गाडी हाय. तिला काय बघायचं?"

चढ संपता संपता समोरून उसाची ट्रॉली आली. रस्ता अरुंद. मी चढावरच थांबले, ब्रेकवर हलकाच पाय ठेवला आणि ती जायची वाट बघत राहिले. ट्रॉली लांबलचक. आणि माझा पाय खाली जायला लागला. मी दाबत नव्हते, तरी पॅडल आपलं हळूहळू खाली, आणखी खाली. मग गाडी मागं सरकली.

मी हँडब्रेक ओढला. डोळ्यांसमोर ते वळण, तो कठडा, ते पाणी.

मामा शांत. "काय न्हाई गं. पाय उचलून परत दाब. दोनदा दाबला की लागतोय."

"कधीपासून?"

"व्हईल की वरीसभर. आमाला सवय झालीया."

जोरात दाबला की घट्ट लागतो, हलका धरून ठेवला की सुटतो. आतलं रबर गेलंय, दाब टिकतच नाही. मेकॅनिकनं सांगितलं होतं, पॅडल दाबून तसंच धरून ठेवा, खाली गेलं तर एक फूटही पुढं जाऊ नका. आणि हा माणूस वर्षभर दोनदा दाबून चालवतोय!

"मामा, मी ह्या गाडीनं रोज घाट उतरणार होते!" मी ओरडलेच. "दुसऱ्यांदा दाबायला वेळ मिळाला नाही तर?"

मी पहिल्या गिअरमध्ये, एक हात हँडब्रेकवर ठेवून, पायी चालल्यासारखी गाडी परत आणली. बांधावरची मंडळी हात करत होती. मी थांबले नाही. "चालत या" एवढंच ओरडले. सासूबाई नारळ पोटाशी धरून बघतच राहिल्या.

अंगणात उतरलो तर मामांची सून तयार होऊन दारात उभी. पोरं शिकवणीला गेलेली, त्यांना आणायचं होतं. ती रोज त्याच गाडीनं जायची. तिनं मामांपुढं हात केला. "मामंजी, किल्ली."

मामांनी किल्ली मुठीत धरली. मग किल्ली कोपरीच्या खिशात घातली.

"आज चालत जा," ते म्हणाले. "घरचीच माणसं बसत्यात तिच्यात."