खडूने काजवालीला काय लिहिलं

नुकत्याच बाळंत झालेल्या मैत्रिणीला तुम्ही शेवटचा मेसेज काय पाठवलात? खरं सांगा. त्यात तिची विचारपूस किती होती आणि तुमचं शहाणपण किती?

आमच्या शिलाईच्या कारखान्यात एक चेकर आहे. शर्ट उजेडात धरायचा, शिवणीवरून बोट फिरवायचं आणि टाका सुटला असेल तिथं खडूची फुली मारायची, हे तिचं काम. म्हणून तिला सगळे खडूच म्हणतात. बाई कामाची, पण नजर अशी की लग्नाला गेली तर नवरीआधी तिच्या ब्लाउजची बाही बघेल. मी समोरच्या इस्त्रीच्या टेबलावर असते, त्यामुळे तिचे सगळे अवतार मला पाठ आहेत.

काजाच्या मशीनवरची पोरगी तिची जिवाभावाची मैत्रीण. तिला आम्ही काजवाली म्हणतो. बाळ झालं आणि ती घरी बसली. एके संध्याकाळी तिनं आमच्या शिलाईच्या लाइनच्या ग्रुपवर बाळाचा फोटो टाकला. आम्ही बदाम पाठवत होतो, तेवढ्यात खडूनं लिहिलं, "अगं बाई, झबलं उलटं घातलंयस! शिवण बाहेर!" पुढे हसण्याची तोंडं.

झालं. बांध फुटला. अमुक कुशीवर झोपव. दूध पाजलं की खांद्यावर घे. बाळ झोपलं की तूही झोप. रडतंय म्हणजे पोट भरत नसेल. आमच्या लाइनला खोडच आहे, कुणाचं मशीन अडलं की सगळ्या आपापल्या जागेवरून ओरडून दुरुस्ती सांगतात. मशीनचं ठीक आहे हो. बाई म्हणजे मशीन आहे का?

काजवालीनं कुणालाच उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर आम्ही रांगेत होतो. कारखान्यात मोबाईल पेटीत जमा करावे लागतात, ते फक्त जेवणाच्या सुट्टीत आणि सुटताना मिळतात. या पेटीविरुद्ध मी अजून भांडते आहे, ते असो. खडूचा नंबर आला तेव्हा तिचा मोबाईल वाजला. तिनं वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. मी डोकावले. काजवालीनं लिहिलं होतं, "मला जमत नाही. मी वाईट आई आहे." आम्ही बघत असतानाच ती ओळ गेली. काजवालीनं काढून टाकली होती.

"मला फोन करू दे," खडू म्हणाली.

"सुट्टीत कर. पेटी बंद करायचीय," गेटवाला म्हणाला आणि त्यानं मोबाईल तिच्या हातातून घेतला. मी त्याला जे ऐकवलं ते छापण्यासारखं नाही. उपयोग शून्य.

सकाळभर खडू खडूसारखी वागली नाही. सुटलेले टाके तिच्या बोटाखालून निघून गेले. सुपरवायझर उचकला, "डोळे घरी ठेवून आलीस का?" एका शर्टाची कॉलर तिनं उलटी केली आणि आतली जाड शिवण स्वतःच्या मानेला लावून बघितली. पुन्हा लावली. मला वाटलं, गेलं हिचं डोकं.

सुट्टीची घंटा झाली तशी ती पळत सुटली. मोबाईल घेतला, फोन लावला. रिंग गेली, उचलला नाही. पुन्हा लावला, तेच. मग तिनं कालचा फोटो काढला आणि बोटांनी मोठा केला. बाळाच्या मानेशी लाल रेघ होती.

"चूक नव्हती गं ती," ती मला म्हणाली. "शिवण टोचत होती म्हणून मुद्दाम फिरवलंय तिनं. आणि मी तिला सगळ्यांसमोर हसले."

धागे कापणारी मावशी डबा घेऊन शेजारी टेकली. "लाल झालंय ना? तिला सांग..."

"मावशी, काही सांगायचं नाही."

"मग लिहिणार काय? कपाळ?"

खडू लिहायला लागली. 'काळजी करू नकोस.' खोडलं. "हा हुकूमच झाला. ती मुद्दाम करतेय का काळजी?"

'सगळ्यांचंच असं होतं.' तेही खोडलं. "म्हणजे तू गर्दीत उभी राहा, तुझं काही वेगळं नाही."

"हे दिवस पुन्हा येत नाहीत, असं लिही," मावशी म्हणाली.

"नकोच यायला," मी म्हणाले. मावशी डब्यात तोंड घालून हसली.

'काही लागलं तर सांग.' इथं खडू अडली. मला तर ते बरं वाटलं होतं. ती म्हणाली, "काय लागतंय ते शोधायचं, मग तोंड वेंगाडून मागायचं, हे कामही तिच्याच डोक्यावर?" खोडलं.

मी म्हणाले, "लिही, तू लढवय्यी आहेस."

"तुझं भाषण गेटवर ठेव. तिला आज लढायचं नाहीये, तिला बसायचंय."

सुट्टी संपत आली होती. गेटवाला पेटी वाजवत होता. खडूनं शेवटी जे लिहिलं ते मी तिच्या परवानगीनं देते:

"सकाळी तू लिहून पुसलंस ते मी वाचलं. वाचलं नाही असं सोंग करणार नाही. काल मी हसले, ते चुकलं. आज फोटो नीट बघितला. शिवण टोचू नये म्हणून झबलं तू फिरवलंस. एवढ्या थकव्यात तुला ते दिसलं, मला दिसलं नाही. तू वाईट आई नाहीस गं, दमलेली आहेस. बाळाच्या आधीही तू माझी होतीस, आताही आहेस. सुटल्यावर मी मोकळी आहे. ये म्हणालीस तर बाळ धरायला येईन, शिकवायला नाही. नको म्हणालीस किंवा काहीच बोलली नाहीस, तरी रुसणार नाही."

पाठवलं. वाचलं गेलं की नाही हे कळायच्या आत मोबाईल पेटीत पडला.

ती दुपार मला इस्त्रीच्या वाफेपेक्षा जड गेली. खडूची नजर सारखी गेटकडे. "घरात एकटीच असते गं. नवरा पार अंधार पडल्यावर येतो," एवढंच एकदा बोलली. मी म्हटलं, उत्तर नाही आलं तर? "तर दाराबाहेरून हाक मारेन. रुसणार नाही म्हणालेय, काळजी सोडीन असं कुठं म्हणालेय?"

सुटल्यावर रांगेत तिनं तिघींना ढकललं. मोबाईल उघडला. उत्तर होतं.

"उत्तर मागितलं नाहीस म्हणून देतेय. ये. बाळ धर, मला आंघोळ करायचीय. त्या भांडखोर बाईला आणू नकोस."

भांडखोर म्हणजे मी. तरी तिच्या घराच्या जिन्यापर्यंत गेलेच. खडू म्हणाली, "इथंच थांब, तुझं तोंड गप्प बसणार नाही." अपमान गिळून पायरीवर बसले.

वरचं मला नंतर खडूनंच सांगितलं. काजवालीनं दार उघडलं, बाळ तिच्या हातात दिलं आणि न्हाणीघरात गेली. घरात वाळलेल्या दुपट्यांचा ढीग, पंख्याखाली अर्धा प्यालेला चहा. बाळानं टाहो फोडला. खडूच्या जिभेवर मावशीचं, शेजारणीचं, स्वतःच्या आईचं सगळं आलं. ती ओठ दाबून येरझारा घालत राहिली. आत पाण्याच्या आवाजात काजवाली रडत होती, ते हिला ऐकू येत होतं. हिनं दार वाजवलं नाही. फक्त एकदा मोठ्यानं म्हणाली, "आम्ही दोघं इथंच आहोत. सावकाश."

बऱ्याच वेळानं काजवाली ओल्या केसांनी बाहेर आली. जमिनीवर बसली. मग स्वतःहून म्हणाली, "मानेवर लाल झालंय त्याला. तुला काय वाटतं?"

आता विचारलं होतं. खडू म्हणाली, "मला कापडातलं कळतं, कातडीतलं नाही. डॉक्टरांना दाखवायचं असेल तर मी बरोबर येते."

"उद्या?"

"उद्या."

"आणि माझं?" काजवालीनं विचारलं. "मला सारखं रडू येतं. ते पण सांगू त्यांना?"

"तुला सांगायचं असेल तर तेही सांग. मी बाहेर बाळ धरून बसेन."

काजवालीनं मान हलवली आणि बाळ परत घेतलं.

तुमच्याही ओळखीत अशी एखादी आहे, जी फोटो टाकून गप्प झाली आहे. हे वाचून झालं की तिला लिहा. लिहिलेलं एकदा वाचा, त्यातलं न विचारता शिकवलेलं सगळं काढून टाका, आणि उरेल तेवढं आजच पाठवा.