चिमटाताई आणि हिरवी पट्टी

आमच्या रंगाच्या कारखान्यात थिनरच्या कोठीची किल्ली बावीस वर्षं एकाच बाईच्या कमरेला होती. तिचं खरं नाव पगारपत्रकावर असेल, पण ते तिथून बाहेर पडल्याचं कुणाला आठवत नाही. सगळा कारखाना तिला चिमटाताई म्हणायचा. तोंडावर म्हणायचा, हे विशेष. पाठीमागे जे म्हणायचा ते वेगळं आणि इथे लिहिण्यासारखं नाही.

नावाला कारण होतं. कोठीत दोनशे लिटरचे ड्रम घोडीवर आडवे ठेवलेले. त्यांना खाली पितळी नळ. नळातून टोल्युईन, म्हणजे रंग पातळ करायचं थिनर, वीस-वीस लिटरच्या पत्र्याच्या डब्यांत काढायचं आणि रंग घोटणाऱ्यांकडे पाठवायचं. काम एवढंच. कुणीही म्हणेल, नळ फिरवायला अक्कल लागते थोडीच? पण ताईंचा नळ फिरण्याआधी अर्धं नाटक व्हायचं. भिंतीच्या कडेने तांब्याची एक पट्टी गेलेली, ती बाहेर जमिनीत पुरलेल्या सळईला जोडलेली. ताई आधी या पट्टीची वायर ड्रमला चिमट्याने जोडायच्या. मग दुसरी वायर ड्रमपासून डब्याला. चिमटा बसायच्या जागी रंग असला की कानशीने खरवडून पत्रा उघडा करायच्या, आणि दात पत्र्यात रुतेपर्यंत चिमटा हलवून हलवून बघायच्या. त्यानंतर डब्याचं झाकण उघडायचं, नळाची नळी डब्याच्या तळापर्यंत सोडायची, आणि धार हळू. भरून झालं की नळ बंद, थोडा दम, झाकण, आणि सगळ्यांत शेवटी चिमटा.

"ताई, नवरीचं लग्न लावताय की डबा भरताय?" असं रंग घोटणारे दारातून ओरडायचे.

"लग्नात घाई चालते," ताई वर न बघता म्हणायच्या. "माझंच बघा ना, काय झालं."

त्यांचा नवरा हा तर स्वतंत्र विषय आहे. निवृत्त झाल्यापासून गृहस्थ दिवसभर बोलायचा, आणि ऐकायला घरी कुणी नसायचं म्हणून ताई कामावरून आल्या की साठलेलं सगळं एकदम बोलायचा. ताई दोरीवर कपडे वाळत घालत असल्या की म्हणायचा, "माझ्याही कानाला एक चिमटा लाव ग, नाहीतर उडून जाईन." ताई म्हणायच्या, "तुम्ही कसले उडताय? बावीस वर्षं वाट बघतेय."

पण चिमट्याचा नाद उगाच नव्हता. किल्ली हातात येण्याआधी ताई कोठीत मदतनीस होत्या, तेव्हा त्यांच्या आधीच्या कोठीवाल्याने, ज्याला सगळे बापू म्हणत, एकदा घाईत डबा न जोडता प्लास्टिकच्या क्रेटवर ठेवला आणि नळ सोडला. टोल्युईन नळीतून वाहताना स्वतःबरोबर विजेचा भार घेऊन जातं. स्वेटर काढताना चटचट होतं ना, तोच प्रकार. डबा ड्रमला जोडलेला असला तर तो भार वायरीतून परत ड्रमकडे जातो, आणि ड्रम जमिनीला जोडलेला असला तर उरलासुरला जमीन गिळते. क्रेटवर ठेवलेल्या डब्याला मात्र जायला वाटच नाही. भार साठत जातो, साठत जातो, आणि जवळ पहिलं जे लोखंड येईल त्यावर उडी मारतो. उडी म्हणजे एवढीशी निळी ठिणगी. पण डब्याच्या तोंडाशी वाफ तयारच असते. बापूंच्या भुवया परत कधी आल्या नाहीत. तरी ते स्वतःला नशीबवान समजायचे, आणि निवृत्त होताना त्यांनी ताईंच्या हातात किल्ली आणि कानस दोन्ही एकदमच ठेवली.

अशी बावीस वर्षं गेली. मग मालकांचे जावई आले.

जावईबापू बाहेरून व्यवस्थापन शिकून आले होते. बाहेरून म्हणजे आतल्या कशालाही हात न लावता. त्यांच्या हातात एक घड्याळ असायचं, त्याचं बटण दाबलं की ते सेकंद मोजायचं. आठवडाभर त्यांनी कोठीच्या दारात उभं राहून ताईंचे सेकंद मोजले आणि जाहीर केलं की एका डब्याला पंचेचाळीस सेकंद नुसते चिमट्यांत जातात. त्यांच्या शेजारी सदैव उभे असलेले फोरमन, ज्यांना कारखाना होयबा म्हणतो, लगेच म्हणाले, "केवढा अपव्यय, साहेब!" हेच होयबा तासापूर्वी चहाच्या टपरीवर अर्धा तास बसले होते, पण तो वेगळा विभाग.

"ताई, पहिल्या तारखेपासून तुम्ही लेबल विभागात," जावईबापू म्हणाले. "तिथे तुमच्या चिकाटीचा उपयोग होईल."

लेबल विभाग म्हणजे तळमजल्यावरची खिडकी नसलेली खोली. तिथे पाठवलेला माणूस परत दिसलाच तर पेन्शनच्या रांगेत. ताईंची निवृत्ती तीन वर्षांवर होती. त्यांनी घरी हे सांगितलं तेव्हा नवरा पहिल्यांदा गप्प बसला. ताई म्हणतात, तेव्हा त्यांना खरी भीती वाटली.

त्याच आठवड्यात एक मोठं गिऱ्हाईक कारखाना पाहायला यायचं होतं. जमलं तर वर्षभराचं काम मिळणार होतं. जावईबापूंनी ठरवलं, कारखाना असा चमकवायचा की पाहुण्यांनी चष्मा पुसावा. रंगाच्या कारखान्यात रंगाला काय तोटा? नणंदेच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ताई दोन दिवस रजेवर होत्या. तेवढ्यात कोठीची दुसरी किल्ली आणून, ड्रम बाहेर काढून कोठी रंगवली गेली. भिंती पांढऱ्या. नळ्या पिवळ्या. घोड्या काळ्या. ड्रमांच्या कडांवरचे ओरखडे फवारून गायब. भिंतीवरची तांब्याची पट्टी काळपट दिसत होती म्हणून हिरवीगार. चिमटेही जुने दिसत होते, तेही हिरव्यात बुडवले. कानस गंजलेली म्हणून भंगारात.

पाहुण्यांच्या दिवशी सकाळी ताई कोठीत शिरल्या आणि तिथेच खिळल्या. त्यांनी चिमटा ड्रमच्या कडेला लावला. चिमटा छान बसला. हिरवा चिमटा निळ्या रंगावर.

"कसं दिसतंय?" मागून जावईबापू.

"जोडलेलं दिसतंय," ताई म्हणाल्या. "जोडलेलं नाही. रंगातून वीज जात नाही, साहेब. एरवी हे तुम्हीच गिऱ्हाइकाला सांगता की आपला रंग किती चिवट."

"म्हणजे आता खरवडणार? ताई, पाहुणे तासाभरात येताहेत. एक ओरखडा दिसला ना, तर पहिल्या तारखेची वाट बघायची गरज नाही. आजपासून लेबल."

"आजपासून!" होयबा म्हणाले.

ताईंनी एकदा हिरव्या पट्टीकडे बघितलं, मग ड्रमांच्या सगळ्या नळांमधून साखळी ओवून तिला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि दारातल्या स्टुलावर बसल्या. वायरमनला निरोप मात्र पाठवला.

पाहुणे आले. खरेदीवाले दोघे आणि त्यांच्याबरोबर तांत्रिक तपासणी करणाऱ्या एक बाई, चष्मा कपाळावर आणि चेहऱ्यावर काहीच नाही. कोठीच्या दारात जावईबापू फुलले. "हे सगळं माझं. पट्टीला हिरवा रंग, चिमट्यांना हिरवा रंग, म्हणजे सुरक्षितता नजरेत भरते. बारीकसारीक तपशील मी स्वतः बघितला."

"स्वतः!" होयबा म्हणाले. त्या दिवशी हे त्यांचं सर्वांत महागडं वाक्य ठरलं.

"एक डबा भरून दाखवा," बाई म्हणाल्या.

होयबांनी डबा उचलला आणि ताईंकडे किल्लीसाठी हात केला. ताई उठल्या नाहीत.

"देणार नाही," त्या म्हणाल्या.

जावईबापू हसले. असं हसणं माणूस मुलीच्या सासरच्यांसमोर हसतो. "आमच्या ताई जरा जुन्या वळणाच्या. ताई, किल्ली."

"लेबलात जाईन. पण डबा भरणार नाही आणि भरू देणार नाही. बाई, तुम्ही शिकलेल्या दिसता. झाकणं सगळी बंद आहेत, पंखा सकाळपासून चालू आहे. एकदा मीटर लावून बघा, मग जे म्हणाल ते."

वायरमन दारात उभाच होता, थिनरच्या कोठीत चालणारं खास सीलबंद मीटर घेऊन. एक टोक जमिनीतल्या सळईच्या उघड्या भागाला, दुसरं ड्रमच्या कडेच्या चिमट्याला. मीटरने काहीच सांगितलं नाही. वायरमनने टोक काढून हवेत धरलं. मीटरचं तेच म्हणणं.

"म्हणजे हा चिमटा हवेत लोंबकळतोय," वायरमन म्हणाला. "पण हिरवा आहे."

कुणी हसलं नाही. फक्त खरेदीवाल्यांतल्या एकाला खोकला आला, तोही बराच वेळ.

ताईंनी कमरेची पितळी किल्ली काढली. रंग दोनच दिवसांचा, अजून कोवळा. पट्टीवर, ड्रमच्या कडेवर, चिमट्याच्या दातांवर त्यांनी किल्ली घासली. हिरवे कपटे जावईबापूंच्या पांढऱ्या बुटांवर पडले. कुणी हलायला सांगितलं नव्हतं म्हणून ते हलले नाहीत. चिमटा पुन्हा लागला. मीटर बोललं: एक ओहमच्याही खाली, म्हणजे विजेला वाट मोकळी. मग डबा तसाच खरवडून जोडला, मीटर लावलं, आणि मगच ताईंनी कुलूप उघडलं. झाकण, नळी तळापर्यंत, धार हळू. पंचेचाळीस सेकंदांच्या जागी चार मिनिटं गेली. घड्याळाचं बटण कुणी दाबलं नाही.

बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. दिवसभरात पहिल्यांदाच. "हे रंगवण्याची कल्पना कुणाची होती म्हणालात?"

होयबा छताकडे बघायला लागले. छतही नवीन रंगाचं होतं, चांगलं दिसत होतं.

काम मिळालं. मात्र बाईंनी कागदावर एक अट घातली: त्यांचा माल निघेपर्यंत थिनरची कोठी सध्याच्याच बाईंच्या ताब्यात राहील. लेबल विभागाचा हुकूम कुठल्याशा फाइलीत हरवला. तो होयबांनीच हरवला, आणि त्याबद्दल ते आजही ताईंकडून चहाची अपेक्षा ठेवून आहेत. घरी नवऱ्याने ही हकिगत चार वेळा ऐकून घेतली, एकदाही मध्ये न बोलता, आणि पाचव्या वेळी ताईंना स्वतःच सांगायला बसला.

जावईबापू मात्र खचले नाहीत. आता ते इतर कारखान्यांत जाऊन अर्थिंगवर भाषणं देतात, म्हणे, आणि उघड्या पत्र्याचं महत्त्व आपण कसं ओळखलं ते सांगतात. आपल्या कारखान्यातही त्यांनी ताबडतोब हुकूम काढला: पट्टीवर चिमटा लावायच्या प्रत्येक जागी 'येथे रंग लावू नये' अशी ठळक सूचना हवी. रंगारी आज्ञाधारक होता. त्याने ती सूचना सुंदर लाल अक्षरांत, दोन हात देऊन, नेमकी त्या उघड्या जागांवरच रंगवली.

दुसऱ्या दिवशी ताई कोठीत आल्या, सूचना वाचली, आणि कमरेची किल्ली काढली.