बर्फ न काढता गारवा

अण्णांच्या पाट्या रंगवायच्या दुकानात ब्रश उचलण्याआधी चित्र कागदावर लिहून काढायची रीत होती. पाटीवर कोण बसलंय, कोण उभं आहे, उजेड कुठून येतो, अंगावर कपडे कुठले, चेहरा हसरा की नुसता बरा, असं सगळं सात-आठ ओळींत. ते गिऱ्हाइकाला वाचून दाखवायचं आणि त्यानं मान डोलावली की मगच पत्र्याला पहिला पांढरा हात मारायचा. एका मिठाईवाल्याच्या पाटीवर अण्णांनी त्याच्या वडलांचं चित्र काढलं होतं. पाटी वाळल्यावर तो म्हणाला, "बाकी सगळं झ्याक, पण आमच्या बाबांना मिशी नव्हती की." तेव्हापासून ही रीत पडली.

अण्णा सोलापूरच्या शुक्रवार पेठेतले. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. बोलण्यात कुणाला हार जायचे नाहीत, पण मराठी लिहायला बसले की हात अडखळायचा. म्हणून लिहिणं माझ्याकडे आलं. मी मालवणच्या बाजूचा, सातवीतून शाळा सोडलेला. पुण्यात दोन दुकानांतून पाटी रंगवायचं काम गेलं, आणि कुणीतरी सोलापूर म्हणालं म्हणून एस.टी.त बसलो. चोविसाव्या वर्षी आपल्याला काही येत नाही याची पक्की खात्री घेऊन मी अण्णांच्या दारात उभा होतो. त्यांनी माझं अक्षर बघितलं, "वळण चांगलं हाय" म्हणाले आणि सतरंजी टाकायला माळा दाखवला. वर पत्रा होता. मे महिन्यात त्या पत्र्याखाली झोप अशी लागायचीच नाही. पण कुणी राहा म्हटलं, हेच मला इतकं वाटायचं की पत्र्याबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही.

लग्नसराई सरत आली तसं एका सकाळी अण्णा डब्यातला रंग ढवळता ढवळता म्हणाले, "बघ, तुला खोटं सांगत नाही. पावसाळ्यात हितं एका माणसाचंच काम असतंय. पण त्या शेठच्या तीन पाट्या आल्या, सोलापूरची, माढ्याची, टेंभुर्णीची, तर दोघं टिकतो. तूच लिव्ह आता नीट." माझ्याकडे न बघता बोलले. दुसरा माणूस म्हणजे मी.

शेठ पंखे, रेडिओ विकायचे. त्या वर्षी त्यांनी एअर कंडिशनरची एजन्सी घेतली होती. शहरात ते यंत्र बसवलेली घरं बोटावर मोजण्याइतकी असतील. शेठ दुकानात आले ते काखेत कंपनीच्या जाहिरातीची गुंडाळी घेऊनच. उलगडली तर काय, सोफ्यावर बर्फाचे ढीग, खिडकीला बर्फाचे सुळे, आणि बाई दात दाखवत हसतेय, तिच्या भुवयांवरही बर्फ. यंत्रातून निळे बाण निघालेले.

"हे नको," शेठ म्हणाले. "हे चित्र दुकानात लावलं होतं. माढ्याकडचा एक बागायतदार आला, अर्धा तास मशीनसमोर बसला आणि मला विचारतो, 'गार लागतंय खरं, पण बर्फ कुटं पडतोय?' त्याला वाटलं मी नासकं मशीन दाखवतोय."

अण्णा पोट धरून हसले. शेठ हसले नाहीत.

"मला बर्फ नको, बाण नको, थंडीनं कुडकुडणारा जोकर नको. साधा दिवाणखाना पाहिजे. बाहेर सोलापूरचं ऊन आणि आत माणूस सुखात. बघणाऱ्याला रस्त्यावर उभ्या उभ्या गार वाटलं पाहिजे. शुक्रवारपर्यंत जमलं तर बघा, नाहीतर पुण्याचा आर्टिस्ट हाय माझ्या ओळखीचा."



दोन दिवस मी सिनेमाच्या जुन्या हँडबिलांच्या पाठीवर लिहीत होतो. मला ठाऊक असलेला गारवा मी सगळा त्यात ओतला. मोठी खिडकी सताड उघडी, पडदा फुगलेला, बाईचे केस वाऱ्यावर, भिंती निळ्या, माणसं निळसर, मागं माडाची सावली. अण्णांना वाचून दाखवलं. निळसर माणसांपाशी त्यांनी हात वर केला.

"माणसाच्या तोंडाला निळा लावलास तर तो गार झाला न्हाय, गेला म्हणत्यात लोक. अंगाला रंग जिवंतच ठेव. निळा भिंतीला टाक, तोबी करडा मिसळून."

तेवढं सुधारून आम्ही दोघं शेठच्या दुकानात गेलो. मी उभा राहून वाचलं. पहिल्याच ओळीला शेठनी मला थांबवलं.

"खिडकी उघडी?"

"व्हय," मी म्हणालो. सोलापुरात राहून तेवढं व्हय तोंडात बसलं होतं. "वारा आत येतोय असं..."

"काय हो कोकणवाले, आम्ही वारा विकतोय का? खिडकी उघडी ठेवली तर आतली गार हवा चालली गल्लीत आणि गल्लीतली झळ आत. मशीन रात्रंदिवस घरघरत बसेल. खिडक्या-दारं बंद, पडदे ओढलेले, तेव्हा खोली गार होते." मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "बसलाय का कधी अशा खोलीत?"

मी नाही म्हणून मान हलवली. अण्णांनीही हलवली. घाम न येणं म्हणजे वारा लागणं, एवढंच आम्हा दोघांना माहीत होतं. ज्या सुखाची पाटी करायची ते आमच्यापैकी कुणीच भोगलेलं नव्हतं, आणि ही गोष्ट दोन दिवसांत आम्हाला सुचलीसुद्धा नव्हती. शेठ रागावतील असं वाटलं. पण ते म्हणाले, "उद्या दुपारी दोनला घरी या. बसा आणि बघा. मग लिहा."

दुसऱ्या दिवशी अण्णा दुकानात थांबले, मी एकटाच शेठच्या घराच्या बोळात शिरलो तर भिंतीतून बाहेर आलेल्या यंत्राच्या पाठीतून गरम हवा थेट तोंडावर आली. बाहेर आधीच भट्टी, त्यात ही. आतली गरमी उचलून ते बाहेर टाकत होतं, हे मला तिथंच कळलं.

दिवाणखान्यात शेठच्या आई होत्या. सगळे त्यांना अव्वा म्हणत. घरात कन्नड बोलायच्या, माझ्याशी थोडं मराठी. "बस की बाळा, का उभा?" मी सोफ्याच्या कडेवर बसलो, मांडीवर कागद, हातात पेन्सिल. पडदे ओढलेले होते. दोन पडद्यांमधल्या फटीतून उन्हाची एक पांढरी पट्टी फरशीवर पडली होती, डोळ्यांना टोचेल इतकी. बाकी खोली मऊ, करडी. छताचा पंखा बंद. यंत्राचा एकसुरी आवाज, मधूनच व्होल्टेज सांभाळणाऱ्या पेटीची टिक. जाळीसमोर ठेवलेल्या पेपराचा कोपरा हळूच उचलायचा आणि पडायचा. एवढंच काय ते हलत होतं.

लिहायला काही सापडेना. कुणी काही करतच नव्हतं. अव्वा वाती वळत होत्या. काहीतरी घडावं म्हणून मी वाट बघत राहिलो. पाठीला चिकटलेला सदरा कधी सुटा झाला कळलं नाही. मान सोफ्याच्या पाठीला कधी टेकली तेही नाही.

जाग आली ती शेठच्या आवाजानं. ते दारात उभे राहून काहीतरी विचारत होते, आणि अव्वा हळू आवाजात म्हणत होत्या, "मलगली बिडु, पाप." झोपू दे बिचाऱ्याला. माझ्या अंगावर गळ्यापर्यंत एक जुनी तांबडी शाल होती. पेन्सिल खाली पडली होती. कागद कोरा.

मी ताडकन उठलो. लाजेनं कान तापले. कामाला बोलावलेला माणूस, आणि मी शेठच्या सोफ्यावर दोन तास घोरत पडलो होतो. शेठ एवढंच म्हणाले, "उद्या शुक्रवार."

रस्ताभर मला एकच वाटत होतं, की संपलं. पुण्यासारखं इथलंही. माळ्यावरच्या पेटीत किती सामान आहे ते मी मनात मोजून टाकलं. अण्णांना खरं सांगितलं. ते पाट्या धुवायच्या दगडावर बसले होते, हसतील असं वाटलं, पण हसले नाहीत.

"शाल?" त्यांनी विचारलं. "मे महिन्यात? दुपारी?"

"हो."

"तू मागितलीस?"

"नाही. अव्वांनीच घातली."

"मग लिव्ह की तेच," अण्णा म्हणाले. "अजून काय पाहिजे?"

शुक्रवारी शेठच्या दुकानात मी उभा राहून वाचलं. साधा दिवाणखाना. पडदे ओढलेले. दोन पडद्यांच्या मध्ये भगभगीत पांढरी-पिवळी फट, तिची पट्टी फरशीवर. भिंती करड्या-निळ्या. पंखा थांबलेला. भिंतीत यंत्र, त्यातून बाण नाहीत, फक्त समोरच्या पेपराचा कोपरा उचललेला. सोफ्यावर एक माणूस झोपलेला, तोंडावर घाम नाही, सदरा सुका. गळ्यापर्यंत तांबडी शाल. ती नीट करणारा एक म्हातारा हात.

शेठ म्हणाले, "झोपलेला माणूस? लोक म्हणतील मशीन घेतलं की माणूस आळशी होतो."

बोलले अण्णा, जे गिऱ्हाइकापुढं कधी वाद घालत नसत. "शेठ, मी सोलापुरात जन्मलो. मे महिन्यात दुपारी दोनला अंगावर शाल घेतलेला माणूस मी अजून बघितला न्हाय. तुमी बघितला का?"

"काल बघितला," शेठ म्हणाले आणि माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसले. मग कागद माझ्या हातातून घेऊन त्यांनी स्वतः पुन्हा वाचला, ओठ हलवत, आणि शेवटच्या ओळीवर थांबले. "हात अव्वाचा हाय ना हा?"

"हो."

"हातात पाटल्या दाखवा. आणि बाजूच्या टेबलावर चहा ठेवा. वाफ निघणारा." त्यांनी मान डोलावली, एकदा, मग पुन्हा एकदा.

अण्णांनी पाटीला नऊ दिवस घेतले. ती उन्हाची फट त्यांनी सगळ्यात शेवटी रंगवली. तोवर चित्र नुसतं शांत दिसत होतं. पांढऱ्यात किंचित पिवळा घालून ती उभी रेघ ओढली आणि बाकीची सगळी खोली एकदम गार झाली. मी शेजारी उभा होतो. माझ्या अंगावर खरोखर काटा आला.

शेठ बघायला आले, पाटीसमोर हात मागं बांधून उभे राहिले. मग टेंभुर्णीची पाटी कधी, तिथं भिंत मोजायला कोण येणार, असं विचारू लागले.

"हा येईल," अण्णा म्हणाले. "माढ्यालाबी हाच. पावसाळ्यात या, तवाबी हाच भेटंल."

मी मान वर केली नाही. टर्पेंटाइनच्या डब्यात ब्रश धूत बसलो, एकदा धुतलेलेच पुन्हा.