कुंड्यांखालची ओल

पावसाळ्यात आमच्या छताला ओल आली, ती नेमकी गच्चीवरच्या पत्नीच्या कुंड्यांखाली. पत्नी मे महिन्यातच वारली होती. अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "काका, कुंड्या काढून टाका आता. किती दिवस सांभाळणार?"

मी म्हटले, आधी तपासणी करा.

हिवाळ्यात छत सुकल्यावर उल्हासनगरहून गळती शोधणारा माणूस आला. त्याने कुंड्यांभोवती सिमेंटचा बांध घालून पाणी भरले. मी दिवसभर घरात छताकडे बघत बसलो. संध्याकाळी त्याने ओलावा मोजायचे यंत्र छताला टेकवले. आकडा सकाळचाच होता.

"झिरपायला वेळ लागतो, उद्या बघू," सेक्रेटरी म्हणाले. दुसऱ्या दिवशीही आकडा हलला नाही.

मग त्या माणसाने गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या बाजूला पाणी भरले. दुपारनंतर थर्मल कॅमेऱ्यात टाकीखालून जुन्या डागाकडे येणारा गार, निळा पट्टा दिसला. "ठंडा मतलब गीलाच असं नाही, अंकल," म्हणत त्याने पट्ट्यावर यंत्र टेकवले. आकडा बराच चढला होता. पाणी स्लॅबमधून तिरके वाहत डागापर्यंत येत होते.

वर पाणी उपसल्यावर टाकीच्या कडेला कोब्यात ठोकलेले चार लोखंडी हूक दिसले.

"ये किसने ठोका? सगळं वॉटरप्रूफिंग फाडलंय."

"मी," मी म्हटले. तिच्या तेराव्याला जेवणाऱ्यांना ऊन लागू नये म्हणून मंडपवाल्याकडून मीच ते ठोकून घेतले होते.

सेक्रेटरी म्हणाले, "कुंड्या असू द्या, काका."