आजीची ओळ जिथं तुटली

जन्मभर शाळेत मराठी शिकवलेल्या बाईला कुठलंही लिहिलेलं जसंच्या तसं बघवत नाही. लग्नपत्रिका आली तरी आधी माझी नजर चुकांवर जाते, वधूवरांची नावं नंतर. निवृत्त झाले, अकोल्याला घरी बसले, तरी हातातला लाल पेन काही सुटला नाही. लोक हसायचे आणि मला त्याचा थोडा तोराच होता. त्या तोऱ्यापायी मी माझ्या मावशीला एक दिवस आणि एक रात्र जे भोगायला लावलं, ते अजून माझ्या मनातून जात नाही.

आई गेल्यावर तिची पेटी दादानं उघडली. तळाशी, जुन्या लुगड्याच्या घडीत एक पत्र होतं. आमच्या आजीनं, म्हणजे आईच्या आईनं, वलगावहून आईला लिहिलेलं. आईचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं होतं. पत्राचा वरचा उजवा कोपरा फाडलेला. आमच्याकडे मरणाची बातमी कळवणाऱ्या पत्राचा कोपरा फाडूनच ते टपालात टाकत. पत्र हातात आलं की कळायचं. मग ते उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचायचं, तिथंच फाडायचं, आणि आंघोळ करून घरात यायचं. असलं पत्र घरात ठेवत नाहीत. आईनं मात्र ते साठ-पासष्ट वर्षं ठेवलं होतं, आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

दादानं मोबाइलवर त्याचा एक फोटो काढला, आम्हाला पाठवला, आणि त्याच दिवशी पत्राचे तुकडे करून मोर्णा नदीत सोडले. आईचं करायचं राहिलं होतं ते मी केलं, असं तो म्हणाला. मी त्याच्यावर खूप चिडले. पण त्याचं काही चुकलं नव्हतं, तो रीतीनं वागला होता. आता उरला तो फक्त फोटो. पत्र जरा तिरकं आलेलं, आणि खालच्या कोपऱ्यावर दादाच्या अंगठ्याची सावली.

मावशी अमरावतीला असते. आईपेक्षा बारा-तेरा वर्षांनी धाकटी. तिच्या दोन्ही डोळ्यांचा मधला पडदा खराब झालाय. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. भिंग धरून एकेक मोठं अक्षर तेवढं वाचता येतं. मोबाइलवर फोटो मोठा केला की तो बोटाखालून पळतो आणि तिला ओळच सापडत नाही. सुनेला आजीच्या अक्षराचं जुनं वळण वाचता येईना. तेव्हा मावशीनं मला फोन केला. म्हणाली, मोठ्या अक्षरात उतरवून दे, पण जसं हाय तसंच. ओळ जिथं सरली तिथंच सरव, काना-मात्रा हलवू नको. हे तिनं दोनदा सांगितलं. मी दोनदा हो म्हटलं.

आणि संगणकावर बसले. आजी वलगावच्या शाळेत जेमतेम तिसरी शिकलेली. तिच्या लिहिण्यात पूर्णविराम नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. पहिल्या दोन ओळी मी तशाच टाइप केल्या, मग बोटं आपोआप सुधारायला लागली. आजीला अडाणी कशाला दिसू द्यायचं, असं मीच मला समजावलं. फाटक्या कोपऱ्याबरोबर गेलेले शब्द अंदाजानं भरले. अक्षर मोठं केल्यावर आजीची एक ओळ कागदावर दोन ओळींत मोडायला लागली, तेव्हा ओळींचा नाद सोडला आणि सरळ परिच्छेद पाडले. मधे एक शब्द अर्धवट होता, तो पुरा केला. त्याच्या खाली दोन-अडीच ओळींची रिकामी जागा होती, ती काढून टाकली. तासाभरात छान, स्वच्छ पत्र तयार झालं. मला ते फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं अमरावतीला गेले. मावशी खिडकीपाशी भिंग घेऊन बसलीच होती. कागदावर अगदी वाकून, मान एका बाजूला कलती करून, डोळ्याच्या कडेनं ती वाचायला लागली. आजीनं आधी घरचं लिहिलं होतं. कापसाची वेचणी जोरात आहे, सगळी माणसं वावरात आहेत, धाकट्याला चार दिवस ताप होता. मावशीचं बोट त्या ओळीवर आलं आणि थांबलं. तिनं ती ओळ तीनदा वाचली. ‘आता अंग थंड आहे. दूध प्यायला. आत पाळण्यात झोपला आहे.’

“ओय अशीच हाय का? पुरी?” तिनं विचारलं. ओळीला ती ओय म्हणते.

मी म्हटलं, हो, अशीच आहे. खोटं बोलायचं म्हणून नाही बोलले. मी केलेली दुरुस्ती माझ्या लक्षातच उरली नव्हती. अशा दुरुस्त्या मी जन्मभर रोज शंभर करत आले होते.

मावशीनं भिंग खाली ठेवलं. मग हळूहळू सांगायला लागली, आणि मला कळलं की तिला त्या पत्रातून नेमकं काय हवं होतं.

तेव्हा ती सात वर्षांची. घरात ती, दीड वर्षाचा भाऊ आणि आजी, एवढीच. आजी बाहेर ओसरीत पत्र लिहीत बसलेली, तिथून पाळणा दिसत नव्हता. पाळण्याची दोरी मावशीच्या हातात दिलेली, काही झालं तर हाक मार म्हणून. लेकराचे डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. मावशीला आठवत होतं की तिनं हाक मारली आणि आजी धावत आली. पण संध्याकाळी घर माणसांनी भरल्यावर तिची आजी, म्हणजे माझ्या आजीची सासू, सगळ्यांना सांगत होती की पोरगी दोरी धरून झोपली, म्हणून कळलंच नाही, लेकरू एकटंच गेलं. आजीनं ते ऐकलं आणि ती काहीच बोलली नाही. पुढं कधीच बोलली नाही. मावशी मोठी झाली, तिचं लग्न झालं, मुलं झाली, नातवंडं झाली. घरात तान्हं मूल असलं की ती रात्रभर जागी राहायची. सगळे तिला हसायचे. हाक मारल्याचं मला आठवतं की मीच मनाशी रचलं, हे तिचं तिलाच कळेनासं झालं होतं. दादाचा फोटो आला तेव्हा तिला वाटलं, आई पत्र लिहीत होती, ते हेच असणार. मी हाक मारली असेल तर ती ओळ मधेच तुटलेली असणार.

“ओय पुरी हाय म्हंजे मी झोपलीच होती,” मावशी म्हणाली. “जाऊ दे. आता कळलं तरी.”

तिनं माझा कागद नीट घडी करून उशीखाली ठेवला आणि मला जेवायला वाढायला सुनेला सांगितलं. स्वतः जेवली नाही.

परतीच्या एसटीत मूर्तिजापूर येईस्तोवर मी मोबाइल उघडला नाही. उघडायची भीती वाटत होती. अर्धवट शब्द अंधुक आठवायला लागला होता. शेवटी फोटो मोठा करून पाहिला. आजीनं लिहिलेलं असं होतं:

आता आंग थंड हाय
दूद पेला आत पाळन्यात झो

‘झो’ नंतर काहीच नाही. पुढं निम्मी ओळ कोरी, आणि खाली ती जागा, जी मी फालतू समजून काढली होती. मग आणखी एक गोष्ट दिसली, जी शिक्षिका म्हणून मला आधीच दिसायला हवी होती. आजी आधी ओळीतली सगळी अक्षरं काढायची आणि ओळ सरली की वरून रेघ ओढायची. पत्रभर प्रत्येक ओळीवर ती रेघ आहे. त्या एका ओळीवर नाही. सगळी अक्षरं उघडी, डोक्यावर काही नसलेली. रेघ ओढायला आजी थांबली नव्हती.

तिथंच उतरून उलट जावं असं वाटलं, पण रिकाम्या हातानं जाऊन काय उपयोग होता? ओळ पुरी आहे असं मीच तोंडानं सांगून आले होते. आता तोंडानंच नाही म्हटलं तर तिनं का विश्वास ठेवावा? तिला डोळ्यांनी दिसायला हवं होतं. फोनही केला नाही. तो भित्रेपणा होता, हेही कबूल करते.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून कामाला लागले. संगणकाचा उपयोग नव्हता, तो अक्षरांवर आपणहून रेघ ओढतो. चित्रकलेचे मोठे कागद आडवे धरले आणि जाड काळ्या स्केचपेननं उतरवलं. आजीची एक ओळ म्हणजे माझी एक ओळ, मावेना तिथं दुसरा कागद शेजारी चिकटवला. खोडलेलं होतं ते खोडलेलंच काढलं. फाटक्या कोपऱ्यापाशी कागद तेवढाच फाडला. दादाच्या अंगठ्याच्या सावलीत दोन शब्द बुडाले होते, तिथं नुसती जागा सोडली. ‘झो’ लिहिलं आणि पेन उचलला. रेघ ओढायला हात आपोआप वर गेला. तो मी दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

दुपारी अमरावतीला पोचले. मावशीला आधीच सगळं सांगितलं, की ओळ मी पुरी केली होती, आजीनं नाही. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त कागद मांडीवर ओढला आणि बोट ठेवून चालायला लागली. ‘झो’पाशी आली. बोट पुढं सरकवलं, कोऱ्या कागदावर. परत मागं आणलं. पुन्हा पुढं.

“मी हाक मारली होती,” ती म्हणाली. सुनेकडे, माझ्याकडे, कुणाकडेच न बघता.

मी तिचा हात धरला. मला वाटलं, संपलं, आता ती मोकळी झाली. पण तिनं हात सोडवून घेतला आणि कोऱ्या जागेच्या खाली वाचायला लागली. तिथं आजीचं अक्षर बदललेलं आहे, मोठं आणि वाकडं. ओळी आखूड आहेत.

लेकरू गेलं
कोनाले बोल लावू नको
लाहानी गप हाय जेवत नाई
तिले काई इचारू नको
वाचून फाडून टाक

एवढं वाचायला तिला पाव तास लागला. ‘लाहानी’ म्हणजे तीच. चौथ्या ओळीवर बोट थांबलं ते हललंच नाही. मी घाईघाईनं म्हटलं, बघ, आजीनं तुला दोष दिलाच नाही, तुला त्रास होऊ नये म्हणूनच लिहिलंय तिनं. सून म्हणाली, हो ना आई.

मावशी रडत होती. सात वर्षांचं मूल रडतं तशी, तोंड उघडं ठेवून, आवाज न करता. मग म्हणाली, “इचारायला पाह्यजे होतं वं. कोनी तरी मले इचारायला पाह्यजे होतं.”