न वाजणाऱ्या भोंग्याला मिळालेली शाबासकी

हेब्बाळच्या त्या कारखान्याचं काम माझ्या हातून गेलं, ते भोंगा उगाच वाजला म्हणून गेलं असं लोक सांगतात. खोटं आहे. तो उगाच वाजत होता तेव्हा मला चहा मिळत होता. तो वाजेनासा झाला तेव्हा शाबासकी मिळाली. मी त्याला पुन्हा वाजता केला, तेव्हा काम गेलं.

आमचं घराणं शिंप्याचं. म्हैसूरमध्ये किती पिढ्या झाल्या कोण जाणे. घरात मराठी बोलतो, पण भांडण कन्नडमध्येच चांगलं जमतं. वडील शाळांचे गणवेश शिवायचे. मला मशीनवर बसायचं नव्हतं. एका वायरमनच्या हाताखाली राबलो, शिव्या खाल्ल्या, आणि पुढे आगीची सूचना देणारी यंत्रं बसवण्याचा स्वतःचा धंदा उभा केला. कुणाची शिफारस नाही, कुणाची ओळख नाही. जे मिळवलं ते घासाघीस करून. म्हणून त्या कारखान्याच्या वार्षिक देखभालीचं काम माझ्यासाठी नुसतं काम नव्हतं. हेब्बाळ ही म्हैसूरची औद्योगिक वसाहत, तिथे मोठ्या कंपन्या एकमेकींकडे पाहून माणूस निवडतात. तिथे टिकलो तर पुढची दारं उघडणार होती, नाहीतर पुन्हा लॉज आणि लग्नाचे कल्याणमंडप.

कारखाना पुठ्ठ्याची खोकी बनवायचा. कापणी विभागात छताला धुराचे डिटेक्टर मी बसवले होते. डिटेक्टरच्या पोटात एक काळी डबी असते आणि तिच्यात प्रकाशाची तिरीप. धूर आत शिरला की प्रकाश विखुरतो. विखुरणं ठरलेल्या हद्दीपलीकडे गेलं की भोंगा. आता पुठ्ठ्याची बारीक धूळही प्रकाश विखुरतेच. त्यामुळे वरचेवर भोंगा व्हायचा, मशिनं थांबायची, सगळे कामगार आवारातल्या चिंचेखाली जाऊन उभे राहायचे आणि थोड्या वेळाने हसत परत यायचे. मी डब्या साफ करून द्यायचो. धूळ पुन्हा बसायची.

एक दिवस मॅनेजरने बोलावलं. कन्नडमध्ये म्हणाला, "काय स्वामी, तुमचं हे लेकरू रोज रडतं. पॅनेलवरून हद्द वाढवा. इतकी वाढवा की मला त्याचा आवाजच ऐकू येऊ नये."

"मग आग लागल्यावरही ऐकू येणार नाही," मी म्हणालो.

"आग लागली कुठे आहे?"

मी आवाज चढवणार होतो, पण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या बाईंनी मला थांबवलं. त्या गुणवत्ता विभागाच्या प्रमुख. संख्याशास्त्र शिकलेल्या, आलेल्या पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यांतून नमुने काढून माल घ्यायचा की परत पाठवायचा हे ठरवणं त्यांचं रोजचं काम. त्याही इथल्याच जुन्या मराठी घरातल्या. मॅनेजर फोनवर बाहेर गेला तशा त्या आपल्या बोलीवर आल्या.

"अण्णा, सुम्ने उगाच ओरडू नका. इकडे बघा." त्यांनी कागदावर एक चौकोन काढून त्याचे चार खण केले. "आपण आधी धरून चालतो, आग नाही. ह्याला शून्य गृहीतक म्हणतात. भोंगा वाजला म्हणजे यंत्राने ते गृहीतक नाकारलं. आग नव्हती आणि तरी वाजला, ती पहिल्या प्रकारची चूक. आग होती आणि वाजला नाही, ती दुसऱ्या प्रकारची. उरलेल्या दोन खणांत यंत्र बरोबर आहे."

"मग दोन्ही चुका कमी करा ना, ताई. थोडी ही, थोडी ती."

त्या हसल्या. "भाव करताय? ह्यात भाव होत नाही. यंत्र तेच, धूळ तीच, धूर तोच. फरक फक्त रेघ कुठे मारायची एवढाच. रेघ वर नेली की पहिली चूक घटते, दुसरी वाढते. खाली आणली की उलट. एकीतून काढून दुसरीत घालायचं."

"म्हणजे मार्गच नाही?"

"आहे की. पुरावा वाढवायचा. तिथे दोन वेगवेगळ्या जातीचे डिटेक्टर लावा, एक धुराचा, एक उष्णतेचा. कुठलाही एक बोलला तर नुसता दरवाजावरच्या पॅनेलवर दिवा लागू दे, रखवालदार जाऊन बघेल. त्याने आग पाहिली किंवा दोघे बोलले, की मोठा भोंगा. पुरावा जास्त झाला की दोन्ही चुका एकदम कमी होतात. पण त्याला खर्च आहे."

मला हे चटकन उमगलं, कारण माझ्या धंद्यात मी हेच करत आलो होतो. गिऱ्हाईक फसवतंय असं समजून चांगला सौदा सोडला, तर पहिली चूक. ते खरं समजून बुडणारा सौदा घेतला, तर दुसरी. दुसरी अंगावर येते, म्हणून ओळखू येते. सोडून दिलेल्या चांगल्या सौद्यांचा मात्र पत्ता लागत नाही. भोंग्याचं ह्याच्या उलट. त्याची पहिली चूक सगळा कारखाना ऐकतो. दुसरी कुणालाच ऐकू येत नाही, आणि ऐकू येते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

मॅनेजर परत आल्यावर मी दोन डिटेक्टरांची गोष्ट काढली. त्याने नाही म्हटलं. मी तावातावाने बोललो, त्याने टेबल वाजवलं. शेवटी हद्द जराशीच वाढवायची असं ठरलं. मला आवडलं नाही, पण हद्द नियमात बसत होती. जाताना तो म्हणाला, "दसऱ्यानंतर नव्या वर्षाचं काम कुणाला द्यायचं ते बघू. शांतता ठेवाल तर तुम्हालाच."

मग खंडेनवमीची आयुधपूजा आली. आमच्याकडे कारखान्यातली आयुधपूजा म्हणजे मोठं प्रकरण. कापणीच्या मशिनांना हळदकुंकू, पात्यांना गंध, पॅनेललाही झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, कोहळा फोडलेला, आणि दारात कापराचा ढीग पेटवून धूप-अगरबत्त्यांचा असा धूर की समोरचा माणूस दिसू नये. धुरामुळे भोंगा होऊ नये म्हणून इलेक्ट्रिकलचा फोरमन डिटेक्टरांवर टोप्या चढवायचा. नवा डिटेक्टर येतो तेव्हा धुळीपासून जपायला त्यावर प्लास्टिकची केशरी टोपी असते. मी बसवताना काढलेल्या टोप्या त्याने जपून ठेवल्या होत्या. पूजा झाली की उतरवायच्या, हे ठरलेलं.

त्यानंतर आठवडे गेले आणि एकदाही भोंगा झाला नाही. मॅनेजरने स्वतः फोन केला. "शाबास स्वामी. शेवटी जमलं की तुम्हाला. या, नवं काम तुमचंच." पेढ्यांचा डबाही घरी आला. बायकोने तो देवापुढे ठेवला. मीही खूष होतो, ते नाकारत नाही. पण माझी एक खोड आहे: कुठलंही काम पुन्हा पत्करण्याआधी मी प्रत्येक डिटेक्टरखाली तपासणीच्या डब्यातून धुराचा फवारा मारतो. शांतता ऐकून पहिल्या चुकीबद्दल काहीतरी कळतं, दुसरीबद्दल काहीच नाही. तिच्यासाठी आपणच धूर करून यंत्राला विचारावं लागतं: तुला दिसतंय का?

ऑफिसातले डिटेक्टर बोलले. कँटीनमधले बोलले. कापणी विभागातले बोलले नाहीत. शिडी लावून वर चढलो. वाळलेल्या झेंडूच्या माळा अजून तुळईला लटकत होत्या, आणि त्या केशरी फुलांआड केशरी टोप्या तशाच बसलेल्या होत्या. खालून फुलं आणि टोपी वेगळी दिसत नव्हती.

फोरमन म्हणाला, "अय्यो, राहूनच गेलं की." असेल. पण ऑफिसात राहून गेलं नव्हतं. कँटीनमध्ये राहून गेलं नव्हतं. जे वाजायचे तेवढेच राहून गेले होते.

मी टोप्या उतरवल्या आणि तशाच हातात घेऊन मॅनेजरच्या खोलीत गेलो. बाई तिथेच होत्या. टोप्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणालो, "ही तुमची शांतता. डोळे बांधलेल्या पहारेकऱ्याने चोर दिसला नाही म्हणून सांगितलं, त्यासाठी तुम्ही पेढे वाटले."

मॅनेजरने टोप्या टेबलाच्या कडेला सारल्या. मग थंडपणे म्हणाला, "इतके आठवडे टोप्या होत्या. आग लागली?"

"नाही."

"मग नुकसान काय झालं?"

मी बाईंकडे बघितलं. त्यांच्याइतकं चोख उत्तर त्या खोलीत दुसऱ्या कुणापाशी नव्हतं. कधीही न वाजणाऱ्या यंत्राची पहिली चूक शून्य असते आणि दुसरी पूर्ण शंभर टक्के. भोंगा झाला नाही ह्याचा अर्थ आग नव्हती असा होत नाही, फक्त 'आग नाही' हे नाकारण्याइतका पुरावा यंत्रापाशी नव्हता, आणि टोपीखाली तर पुरावा पोचणारच नव्हता. हे सगळं एका वाक्यात सांगता आलं असतं. त्यांनी टोपी उचलली, उलटी करून पाहिली आणि खाली ठेवली. मराठीत चार खण काढून मला शिकवणारी बाई कन्नडमध्ये एक शब्द बोलली नाही.

मग मीच बोललो, आणि मी बोलतो तेव्हा पायरी सुटते. मॅनेजरच्या अकलेबद्दल जे म्हणालो ते इथे लिहीत नाही, पण मागेही घेत नाही.

दोन दिवसांनी, बाहेरचे खरेदीदार कारखाना बघायला आलेले असताना, धुळीने भोंगा झाला. पाहुणे चिंचेखाली उभे राहिले. त्या आठवड्यात काम दुसऱ्याला गेलं. हेब्बाळात एवढंच पसरलं की ह्याचे भोंगे उगाच वाजतात आणि तोंडही. पुढची दारं उघडली नाहीत.

बाई नंतर एकदा देवळात भेटल्या, विठोबाच्या भजनाला. मी विचारलं, "ताई, त्या दिवशी का गप्प बसलात?"

"मला तिथंच राहायचंय, अण्णा," त्या म्हणाल्या. "तुमचं बरोबर होतं."

"हे तिथे सांगायचं होतं."

त्यांनी टाळ उचलले.

नव्या कंत्राटदाराने तिथे काय केलं मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की आता तिथला भोंगा वाजत नाही आणि सगळे त्याचं कौतुक करतात. आगही लागलेली नाही. म्हणजे तो कारखाना अजूनही माझ्याविरुद्ध रोज साक्ष देतो, आणि त्या साक्षीला उलटतपासणी नाही. आतून कुणी धूर मारून बघत असेल तर माझी हरकत नाही. मारत नसेल तर मला कोण विचारणार? रिंग रोडवरून जाताना मी स्कूटर सावकाश करतो आणि त्या छपराकडे बघतो. आत माणसं कामाला असतात, त्यातली काही आमच्या गल्लीतली. धूर दिसू नये असंच मला वाटतं. दिसत नाही, आणि मी पुढे जातो, आणि मॅनेजर आणखी एक दिवस बरोबर ठरतो.