पायाखालच्या फळ्या

चाकणच्या कंपनीत कामगारांच्या उंचीप्रमाणे टेबलं बसवणं हे माझं काम. वीस वर्षांपूर्वी हात नीट पोचावेत म्हणून प्रत्येक टेबलापुढे उभं राहायला लाकडी फळ्या मीच भांडून टाकून घेतल्या होत्या. यंदाची नवी मुलं त्यांवर उभी राहिली की वाकायची, आणि पाठदुखीच्या तक्रारी माझ्याकडे यायच्या.

जर्मनीहून आलेले इंजिनिअर हे ऐकून म्हणाले, "आमच्या टेबलांची मापं कधीची तीच आहेत. माझा मुलगा माझ्याएवढाच आहे."

"का? दूध संपलं तुमच्याकडचं?"

ते खदखदून हसले. "उलट, माझ्या लहानपणीच भरपूर होतं. पोटभर खाणं मिळालं, आजार कमी झाले, की रक्तातच असते तेवढी उंची गाठली जाते. पुढे वाढणार कुठे? तुमच्याकडच्या मुलांची अजून गाठायची आहे."

मला माझे जुलाबाने आडवं पडून गेलेले लहानपणीचे पावसाळे आठवले. दूध तर चहापुरतंच असायचं.

फळ्या काढल्या. एक मोशीला घरी आणली, स्वयंपाकघरातल्या वरच्या फडताळासाठी. तिच्यावर चढून, टाचा उंचावून मी डब्याशी झटत होते. "आई, सरक," म्हणत लेकीने जमिनीवर उभ्यानेच तो काढून दिला.